पोर्टफोलिओ किती पडू शकतो? व्हॅल्यू ॲट रिस्क आणि मॅक्सिमम ड्रॉडाउन, दोन्ही आकडे कसे वाचायचे

(आमच्या सांगली ऑफिसच्या सर्व ग्राहकांसाठी)

रिव्ह्यूला आले की बहुतेक जण एकच विचारतात, समजा मार्केट बिघडलं तर माझे किती जातील? तुम्हाला आम्ही जो रिपोर्ट देतो त्यात याची दोन उत्तरं छापलेली असतात, एक व्हॅल्यू ॲट रिस्क म्हणजे व्हार, आणि दुसरं मॅक्सिमम ड्रॉडाउन. दोन्ही नुकसानाचेच आकडे, पण एक दिसतो १.८ टक्के आणि दुसरा ३८ टक्के, मग लोक साहजिकच लहान आकडा बघून निवांत होतात. तसं होऊ नये म्हणून हे लिहिलंय.

आधी व्हार. समजा तुमचे १० लाख इक्विटी फंडात आहेत. आम्ही मागचे ५०० ट्रेडिंग दिवस घेतो, रोज किती टक्के वर-खाली झालं ते काढतो आणि सगळ्यात वाईट दिवस वर येईल अशी यादी लावतो. ५०० चे ५ टक्के म्हणजे २५, म्हणून वरून २५ वा दिवस बघायचा. समजा त्या दिवशी १.८ टक्के घसरण होती, तर तुमचा एका दिवसाचा ९५ टक्के व्हार झाला १८ हजार रुपये. याचा अर्थ शंभरातल्या साधारण ९५ दिवशी तुमचं नुकसान १८ हजारांच्या आत राहील, तेही पुढचे दिवस मागच्यासारखेच गेले तर.

आता उरलेले ५ दिवस. महिन्यात साधारण २० ट्रेडिंग दिवस असतात, म्हणजे १८ हजारांपेक्षा जास्त नुकसान महिन्यातून एखाद्या दिवशी होणार हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे, त्यात काही अघटित नाही. आणि त्या दिवशी १९ हजार जातील की सव्वा लाख, हे व्हार सांगतच नाही. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १२.९८ टक्के पडला, १० लाखांवर जवळजवळ १ लाख ३० हजार. म्हणून व्हारला "जास्तीत जास्त नुकसान" म्हणणं साफ चूक आहे, कुणी तसं सांगून काही विकत असेल तर तिथंच थांबा.

पण आमच्या मते व्हारची खरी मर्यादा वेगळीच आहे, ती अशी की त्याला दिवसांचा क्रम कळत नाही. यादी लावताना आपण तारखा मोडून टाकतो ना, मग वाईट दिवस सुटे सुटे आले होते की एकामागून एक रांगेनं आले होते ही माहितीच निघून जाते. आता हेच महिन्यांवर करून बघू. १० लाख आहेत, वर्षातले सहा महिने प्रत्येकी ४ टक्के वाढ आणि सहा महिने प्रत्येकी ३ टक्के घट. एक महिना वाढ एक महिना घट असं आलं तर वर्षअखेर होतात साधारण १० लाख ५४ हजार, आणि वाटेत कधीच ३ टक्क्यांपेक्षा जास्त खाली आलेलं नसतं. आता तेच बारा महिने, पण आधी सहा वाढीचे आणि मग सहा घटीचे. पैसे आधी १२ लाख ६५ हजारांवर जातात आणि मग सहा महिने सलग उतरत उतरत परत १० लाख ५४ हजारांवर येतात. शेवट तोच, महिन्यांची यादी तीच, त्यामुळं व्हारही तोच, पण दुसऱ्या माणसानं २ लाख ११ हजार डोळ्यांदेखत जाताना बघितले, म्हणजे वरच्या टोकापासून १६.७ टक्के. लोक फंड तोट्यात काढून मोकळे होतात ते अशाच सलग उतरणीत, एखाद्या वाईट दिवसामुळं सहसा नाही.

हा १६.७ म्हणजेच मॅक्सिमम ड्रॉडाउन. आतापर्यंतचं सगळ्यात वरचं टोक धरायचं, तिथून आज किती टक्के खाली आहोत ते रोज काढायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. निफ्टीचं खरं उदाहरण, १४ जानेवारी २०२० ला बंद भाव १२३६२, २३ मार्चला ७६१०, म्हणजे ३८.४ टक्के खाली. जुनी पातळी परत गाठायला तिथून ६२ टक्के वर यावं लागलं आणि ते नोव्हेंबर २०२० मध्ये झालं. २००८ चं जास्त अवघड होतं, जानेवारीत ६२८७ आणि ऑक्टोबरमध्ये २५२४, जवळजवळ ६० टक्के, आणि ती पातळी परत दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडलं. म्हणून आमच्या रिपोर्टमध्ये ड्रॉडाउनशेजारी भरून यायला किती महिने लागले तेही असतं, तो रकाना नक्की वाचा, कारण जूनमध्ये मुलीची फी भरायची असेल तर टक्क्यांपेक्षा महिनेच जास्त महत्त्वाचे ठरतात.

ड्रॉडाउनही डोळे झाकून घेऊ नका बरं का. तो रोजच्या भावावर काढलाय की महिनाअखेरच्या, हे विचारा. त्याच २०२० च्या घसरणीत फक्त महिनाअखेरचे भाव घेतले तर डिसेंबरचे १२१६८ आणि मार्चचे ८५९७, ड्रॉडाउन दिसतो २९ टक्के. नऊ टक्के नुसते मोजणीत गायब.

दुसरं म्हणजे किती वर्षांचा डेटा आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या फंडानं मार्च २०२० बघितलेलाच नाही, त्याचा ड्रॉडाउन लहान दिसणारच. २००५ आणि २०१९ सोडून मधल्या वर्षांचंच कृष्णेचं पाणी बघून कुणी नदीकाठी जोतं किती उंच घ्यायचं ते ठरवत नाही, तसंच हे. व्हारचीही हीच गत, मागची ५०० दिवसं शांत गेली असतील तर व्हार सगळ्यात लहान दिसतो तो नेमका गडबड सुरू व्हायच्या आधी.

तिसरं एसआयपीवाल्यांसाठी. तुमच्या स्टेटमेंटवरच्या एकूण रकमेवरून ड्रॉडाउन काढू नका. दर महिन्याला हप्ता आत येत असतो त्यामुळं घसरण झाकली जाते, आणि मध्येच पैसे काढले तर नसलेली घसरण दिसते. फंडाच्या एनएव्हीवरच काढायचा. घरी करून बघायचं असेल तर ॲम्फीच्या वेबसाइटवर जुन्या एनएव्ही मिळतात. शीटमध्ये B2 पासून खाली, जुनी तारीख आधी, अशा रोजच्या एनएव्ही टाका, मग C2, D2 आणि E3 मध्ये हे लिहून तिन्ही शेवटपर्यंत खाली ओढा:

```
C2: =MAX(B$2:B2)
D2: =B2/C2-1
E3: =B3/B2-1
```

मग कुठल्याही मोकळ्या रकान्यात `=MIN(D:D)` म्हणजे मॅक्सिमम ड्रॉडाउन आणि `=PERCENTILE(E:E,0.05)` म्हणजे एका दिवसाचा ९५ टक्के व्हार. दोन्ही उणे येतील, तसेच यायला पाहिजेत.

आम्ही स्वतः वापरतो ते असं. इक्विटीत किती ठेवायचे हे ठरवताना व्हार बाजूला ठेवतो आणि २००८ चा ६० टक्के धरून रुपयांत आकडा काढतो, १० लाखांचे ४ लाख दिसले आणि दोन-तीन वर्षं तसेच राहिले तर घर चालतं का, हप्ते जातात का. नाही म्हणालात तर इक्विटी कमी करतो, फंड बदलत बसत नाही. व्हार कामाला येतो तो नंतर, महिन्याच्या महिन्याला बघायला. तुमचा व्हार १८ हजार असेल आणि एकाच महिन्यात चार-पाच दिवशी नुकसान त्याच्या पुढं गेलं तर मार्केटचा स्वभाव बदललाय असं आम्ही धरतो आणि तुम्हाला फोन करतो, विकायला सांगायला म्हणून नाही, तर पुढच्या वर्षभरात लागणारे पैसे अजून इक्विटीत पडलेत का हे विचारायला.