नख वळलेलं असणं वेगळं आणि क्लबिंग वेगळं, बघायचं ते नखाच्या मुळाशी

फॅमिली ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी तोच फोटो येतो, गोल नखांचा एक हात आणि खाली लिहिलेलं असतं की अशी नखं असली तर हृदय गेलंच समजा. मग दुसऱ्या दिवशी ओपीडीत दोन-तीन जण हात पुढे करून बसलेले. त्यातल्या बहुतेकांना काहीही नसतं, आणि ज्याला खरंच आहे तो तक्रार करत नाही, कारण क्लबिंग, म्हणजे बोटाचं टोक फुगून गोल होणं, दुखत नाही. फोटोही नेहमी वरून काढलेला. वरून बघून क्लबिंग ओळखता येत नाही हो, फार वाढलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

वळलेली नखं सगळ्यांना माहीत आहेत. आजोबांची तशी, बापाची तशी, पोराची तशी, वय झालं की अजून वळतात, जाड होतात. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. क्लबिंगमध्ये बदल नखात नसतो, तो नखाखालच्या मऊ भागात असतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पाणी धरतं, मग तंतूंचं जाळं वाढतं आणि सगळं बोटाचं टोक फुगतं. नख बिचारं त्या फुगवट्यावर बसलेलं असतं म्हणून शेवटी तेही वळतं. शेवटी, हे महत्त्वाचं. आधी नखाचं मूळ मऊ पडतं, मग तिथला कोन जातो, मग नख वळतं आणि सगळ्यात उशिरा टोक गरगरीत, चकचकीत दिसायला लागतं. म्हणजे लोक जे शोधतात ते उशिराचं लक्षण, आणि लवकरचं कोणी बघतच नाही.

आता तो कोन. बोट डोळ्यासमोर आडवं धरा, एका बाजूने बघा. बोटाची कातडी जिथे संपते आणि नख सुरू होतं तिथे एक हलकी खाच दिसते, नख तिथून किंचित वर उचलल्यासारखं निघतं. तो कोन साधारण 160 अंशाचा असतो. क्लबिंगमध्ये ही खाच भरून जाते, कातडी आणि नख एका सरळ रेषेत येतात म्हणजे 180, आणि पुढे तर मुळाशी उंचवटाच येतो. वळलेल्या नखात काय होतं? मुळाची खाच जशीच्या तशी, नख व्यवस्थित निघतं आणि पुढे अर्ध्यावर जाऊन खाली झुकतं. बाक पुढे, मूळ शाबूत. हा एवढाच फरक, आणि सगळा घोळ इथेच होतो.

हे एकाच वेळी शेजारी शेजारी बघायला मिळालं ते एका बाप-लेकात. मुलगा सातपूरला टूलरूममध्ये, वडील निफाडकडचे द्राक्षबागायतदार, घरात सगळे नाना म्हणतात. मुलगा स्वतःची नखं दाखवायला आला होता, पार पोपटाच्या चोचीसारखी, कोणीही घाबरेल अशी. नाना नुसते सोबत आले होते, त्यांची नखं वरून बघितली तर थोडी गोल, बाकी शेतकऱ्याच्या हातासारखी. बाजूने बघितल्यावर चित्र उलटं झालं. मुलाच्या दहाही बोटांना मुळाशी खाच स्वच्छ, नख पक्कं. नानांच्या तर्जनीला खाचच नाही, कातडीवरून बोट फिरवलं की सरळ नखावर सरकतं. मुळाच्या जरा मागे दाबलं तर नख हलतं, तरंगल्यासारखं, खाली हाडाला टेकलेलं वाटतच नाही. मी मुलाला म्हटलं तुझं राहू दे, नानांना किती दिवसांपासून खोकला आहे?

मुलगा टूलरूमवाला, त्याला पटेना, म्हणाला डॉक्टर, नुसत्या नजरेचं काय सांगता. पुढच्या वेळी जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊनच आला. मला हे आवडलं, कारण मोजायची खरंच एक पद्धत आहे. तर्जनीची वरून खाली जाडी दोन ठिकाणी घ्यायची, एक शेवटच्या सांध्यावर आणि एक नखाच्या मुळाशी. निरोगी बोट टोकाकडे बारीक होतं म्हणून मुळाशी जाडी कमी भरायला हवी. मुलाची सांध्यावर 13.2 मिलिमीटर, मुळाशी 12.0, म्हणजे गुणोत्तर 0.91. नानांची सांध्यावर 12.6 आणि मुळाशी 13.5, म्हणजे 1.07. एकच्या वर गेलं की क्लबिंग धरतात. फक्त व्हर्नियर घट्ट आवळायचा नाही, मऊ जागा दबते आणि आकडा खोटा कमी येतो. आणि म्हातारपणी शेवटच्या सांध्याला गाठी आल्या असतील तर हे माप सोडून द्या, सांधाच जाड म्हटल्यावर गुणोत्तर नॉर्मल येणारच.

ती चौकटीच्या खिडकीची टेस्ट सगळ्यांना माहीत असते, दोन्ही हातांची सारखीच बोटं नखाला नख लावून पाठीला पाठ टेकवायची आणि मुळाशी पत्त्यातल्या चौकटीसारखी बारीक फट दिसते का बघायची. लिओ शॅमरॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञाने 1976 साली ती लिहिली, स्वतःच्या हृदयाला जंतुसंसर्ग झाला तेव्हा स्वतःच्याच बोटांवरून. चांगली आहे, पण लोक नखं वाढवून करतात, बोटं नीट दुमडत नाहीत, सांधे टेकवत नाहीत आणि मग फट दिसत नाही म्हणून रात्रभर जागतात. मला स्वतःला बाजूने बघणं आणि मूळ दाबणं जास्त भरवशाचं वाटतं. खिडकी स्पष्ट दिसत असेल तर निवांत राहा, नसेल तर कोन बघा, एवढाच तिचा उपयोग.

दुसरा घोळ मला जास्त खटकतो कारण तो आमच्यातलेही करतात. "दम्याचा पेशंट आहे, जुना आहे, म्हणून बोटं गोल झाली." नाही. साध्या दम्याने क्लबिंग होत नाही. बिडी-सिगरेटने होणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराने, म्हणजे सीओपीडीनेही एकट्याने होत नाही. सीओपीडीवाल्याची बोटं गोल दिसली तर छातीत दुसरं काहीतरी आहे असं धरून शोधायचं, आणि पहिला शोध फुप्फुसाच्या कॅन्सरचा. ऑक्सिजन कमी म्हणून बोटं फुगतात हेही तितकंसं खरं नाही, नाहीतर ऑक्सिजन कमी असलेल्या सगळ्याच सीओपीडीवाल्यांची फुगली असती. सध्या बऱ्याच जणांना पटणारं कारण वेगळं आहे. रक्तातल्या प्लेटलेट ज्या मोठ्या पेशींपासून बनतात त्यांचे तुकडे एरवी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांच्या चाळणीत अडकून बारीक होतात. चाळणी बिघडली किंवा रक्त चाळणी चुकवून बाजूने गेलं की मोठे तुकडे बोटांच्या टोकांपर्यंत पोचून अडकतात आणि तिथे वाढीची रसायनं सोडतात.

नानांच्या बाबतीतही हाच दम्याचा घोळ चालला होता. घरच्यांच्या हिशोबात खोकला निफाडच्या थंडीचा, नाहीतर फवारणीचा, आणि कोणीतरी दमा म्हणून पंप दिलेला, तो वर्षानुवर्षे चालू. विचारल्यावर कळलं की सकाळी उठल्यावर अर्धी वाटी पिवळा बेडका पडतो, तरुणपणी टीबीची औषधं पूर्ण घेतलेली, आणि बिडी सुटली तरी बरीच वर्षं ओढलेली. ऑक्सिमीटरवर 95, म्हणून घरचे निवांत. छातीच्या फोटोत वरच्या भागात जुन्या टीबीचे डाग, रिपोर्टवर तेवढंच. अशा वेळी "जुने डाग आहेत" म्हणून फाईल बंद करणं हीच मोठी चूक होते. बोटांचं कारण सापडलेलं नसतं, आणि साध्या फोटोत छोटी गाठ डागामागे लपू शकते.

सीटी केला. गाठ नव्हती. उजव्या वरच्या भागातल्या श्वासनळ्या कायमच्या रुंद झालेल्या, त्यात बेडका साठून राहायचा, म्हणजे ब्रॉंकिएक्टेसिस. टीबीने खराब झालेल्या फुप्फुसात हे आपल्याकडे बरंच दिसतं. बेडक्याची टीबीसाठी सीबीनॅट आणि वेगळी कल्चर केली, टीबी परत आलेला नाही हे बघूनच पुढचे निर्णय घेतले. मग रोज दोन वेळा बेडका मोकळा करायचे व्यायाम, कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक, आणि तो पंप तपासून पाहिला तर त्याचा फारसा उपयोगच नव्हता. बोटं लगेच उतरणार नाहीत हे त्यांना आधीच सांगून ठेवलं. मूळ आजार पूर्ण हटवता आला, म्हणजे फुप्फुसातला पू निघाला किंवा गाठ काढली, तर ती काही महिन्यांत उतरू शकतात, पण रुंद झालेल्या नळ्या परत अरुंद होत नाहीत.

एक मात्र घाईचं सांगतो. बोटं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फुगली आणि सोबत मनगट, घोटे, नडग्या खोलवर दुखायला लागल्या, तर संधिवाताच्या गोळ्या घेत बसू नका. अशा वेळी क्लबिंगसोबत लांब हाडांच्या आवरणालाही सूज आलेली असू शकते, आणि मोठ्या वयात त्यामागे फुप्फुसाचा कॅन्सर असायची शक्यता बरीच असते.

राहिलं हृदय. ज्या हृदयाची लोकांना भीती असते, म्हणजे ब्लॉकेज, अटॅक, बीपी, त्याचा क्लबिंगशी संबंध नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या काकांची नखं तपासून काही कळणार नाही. संबंध आहे तो दोन प्रकारच्या हृदयरोगांचा. एक, जन्मजात दोष ज्यात अशुद्ध रक्त फुप्फुस चुकवून थेट अंगात जातं. रडताना निळं पडणारं, खेळता खेळता उकिडवं बसणारं मूल असतं ना, त्याची बोटं काही महिन्यांनी गोल होतात. निळं पडणं मात्र वेगळी गोष्ट, ती रंगाची खूण. थंडीत नखं निळी झाली म्हणजे क्लबिंग नव्हे, आणि क्लबिंग असून नखं छान गुलाबी असतात, नानांची होती तशी. दुसरा प्रकार म्हणजे आधीच खराब असलेल्या झडपेला जंतुसंसर्ग. त्यात बारीक ताप आठवडेच्या आठवडे राहतो, वजन उतरतं, आणि लोक टायफॉईडची औषधं घेत राहतात.

आणि पाय बघा, कोणी बघत नाही. हाताची बोटं ठीक आणि पायाची निळी, गोल असं क्वचित दिसतं. जन्मानंतर बंद व्हायला हवी ती महाधमनी आणि फुप्फुसधमनीमधली वाट उघडी राहिली आणि फुप्फुसाचा दाब वाढून प्रवाह उलटा झाला, की अशुद्ध रक्त हातांच्या फांद्या फुटून गेल्यानंतर महाधमनीत मिसळतं आणि खाली पायांकडे जातं. अशा पेशंटच्या हाताला ऑक्सिमीटर लावला तर आकडा चांगला येतो, पायाच्या अंगठ्याला लावला की कमी. त्यामुळे क्लबिंगसाठी दाखवायला याल तेव्हा नेलपॉलिश काढून या आणि मोजे काढायची तयारी ठेवा.

नानांच्या मुलाला मी काहीच तपासणी सांगितली नाही. नखं लहानपणापासून तशीच, कोन शाबूत, मूळ पक्कं, खोकला नाही. खरं क्लबिंगही क्वचित काही घराण्यांत वारशाने असतं, पण त्यात कोन गेलेला असतो, म्हणून "आमच्याकडे सगळ्यांची अशीच" हे ऐकून मी सोडत नाही, जुन्या फोटोतले हात बघतो. त्याच्या बाबतीत तेवढीही गरज पडली नाही.