२० पैकी १८ आणि ८० पैकी ४८: बेरजेआधीचं गणित

एका अभ्यासक्रमात तीन परीक्षा झाल्या. छोटी चाचणी २० गुणांची, सहामाही ५० ची आणि अंतिम परीक्षा ८० ची. 'अ' या विद्यार्थ्याला अनुक्रमे १८, ३० आणि ४८ गुण पडले, तर 'ब' ला १०, ३३ आणि ५६. दोघांत पुढे कोण?

सरळ बेरीज केली तर 'अ' चे १५० पैकी ९६ होतात, 'ब' चे ९९. म्हणजे ६४ टक्के आणि ६६ टक्के, 'ब' पुढे. आता प्रत्येक परीक्षेची टक्केवारी वेगळी काढू. 'अ' ला ९०, ६० आणि ६० टक्के आहेत, सरासरी ७०. 'ब' ला ५०, ६६ आणि ७०, सरासरी ६२. आता 'अ' चक्क आठ टक्क्यांनी पुढे गेला. उत्तरपत्रिका त्याच, गुणही तेच.

दोन्ही हिशेबांत आकडेमोड बरोबर आहे. फरक आहे तो कोणत्या परीक्षेला किती वजन मिळालं याचा. कच्च्या गुणांची बेरीज केली की प्रत्येक परीक्षेचं वजन तिच्या कमाल गुणांवरून आपोआप ठरतं. १५० पैकी २० म्हणजे चाचणीला १३.३ टक्के, सहामाहीला ३३.३ टक्के आणि अंतिम परीक्षेला ५३.३ टक्के. टक्केवारींची साधी सरासरी घेतली की तिघींना समान, म्हणजे ३३.३ टक्के. अर्ध्या तासाची चाचणी आणि तीन तासांची अंतिम परीक्षा एका तोलाची ठरते. यांपैकी कुठलंही वजन शिक्षकाने विचारपूर्वक ठरवलेलं असेल तर हरकत नाही. बहुतेक वेळा मात्र ते कुणीच ठरवलेलं नसतं. प्रश्नपत्रिका काढताना सोयीचा वाटला म्हणून ८० हा आकडा घेतला जातो आणि निकालाचा कौल तिथेच झुकतो.

म्हणून भारांश आधी ठरवायचे, गुण नंतर त्यांत बसवायचे. समजा चाचणीला २०, सहामाहीला ३० आणि अंतिम परीक्षेला ५० असा भारांश ठरला. मिळालेले गुण भागिले कमाल गुण, गुणिले भारांश, एवढंच सूत्र आहे. चाचणीचे गुण होते तसेच राहतात, सहामाहीचे ०.६ ने गुणायचे (३० भागिले ५०), अंतिम परीक्षेचे ०.६२५ ने (५० भागिले ८०). 'अ' चे होतात १८ अधिक १८ अधिक ३०, म्हणजे ६६. 'ब' चे १० अधिक १९.८ अधिक ३५, म्हणजे ६४.८. 'अ' पुढे आहे, पण थोडक्यात. हे गुणक विद्यार्थ्यांनाही माहीत असावेत असं मला वाटतं, कारण त्यावरून चाचणीतला एक गुण अंतिम निकालात पूर्ण एक गुण आहे आणि सहामाहीतला एक गुण फक्त ०.६, हे लगेच दिसतं.

'तीनपैकी उत्तम दोन' असा नियम असेल तर तोही टक्केवारीवरच लावायला हवा. कच्च्या गुणांवर लावला तर सर्वांत कमी आकडा जवळजवळ नेहमी २० गुणांच्या चाचणीचाच निघतो. 'अ' चा ९० टक्क्यांचा पेपर वगळला जाईल तो असा.

प्रत्यक्षात घोळ होतो तो बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण पूर्णांकात रूपांतर करण्याचं. एका विद्यार्थ्याला चाचणीत १०, सहामाहीत १४ आणि अंतिम परीक्षेत ३४ गुण आहेत. भारांशानुसार १० अधिक ८.४ अधिक २१.२५, म्हणजे ३९.६५, पूर्णांकात ४०. पण प्रत्येक परीक्षेचे गुण मोजतानाच पूर्णांक केले, तर १० अधिक ८ अधिक २१, म्हणजे ३९. उत्तीर्ण होण्याची रेषा ४० वर असेल तर हा मुलगा केवळ आकडे लवकर कापल्यामुळे नापास होतो. दशांश शेवटपर्यंत ठेवावेत आणि पूर्णांक एकदाच, अगदी शेवटी करावा.

दुसरं ठिकाण गैरहजेरीचं. स्प्रेडशीटमध्ये दुसऱ्या ओळीत कमाल गुण, तिसऱ्या ओळीत भारांश आणि चौथीपासून विद्यार्थी असतील, तर नेहमीचं सूत्र असं:

```
=100*SUMPRODUCT(B4:D4/B$2:D$2, B$3:D$3)/SUM(B$3:D$3)
```

यात रिकामा सेल शून्य धरला जातो. 'अ' आजारपणामुळे सहामाहीला बसला नाही आणि त्याला तशी रीतसर सूट मिळाली, तरी हे सूत्र त्याला ४८ टक्के देईल. सूट असेल तर त्या परीक्षेचा भारांश छेदातूनही काढावा लागतो:

```
=100*SUMPRODUCT(B4:D4/B$2:D$2, B$3:D$3)/SUMPRODUCT(--(B4:D4<>""), B$3:D$3)
```

आता ४८ भागिले ७०, म्हणजे ६८.६ टक्के येतात. विनाकारण गैरहजर असलेल्यासाठी मात्र सेलमध्ये ठळक ० लिहायला हवा, नाहीतर या दुसऱ्या सूत्रात दांडी मारणाऱ्याचाच फायदा होतो. `AVERAGE` हे फंक्शन वापरलं तर ते रिकामे सेल गुपचूप सोडून देतं, त्यामुळे तिथेही हाच धोका असतो. हजेरीपत्रक आणि गुणतक्ता शेजारी ठेवून रिकामे सेल एकदा तपासले की चूक लगेच सापडते.

एवढं सगळं नीट केलं तरी एक पेच उरतो. कागदावरचा भारांश आणि प्रत्यक्षातला प्रभाव एकच असतील असं नाही. समजा प्रात्यक्षिक आणि लेखी, दोन्ही १०० गुणांच्या, भारांश निम्मा-निम्मा. प्रात्यक्षिकात वर्गाची सरासरी ९० आणि प्रमाण विचलन ३, म्हणजे बहुतेकांचे गुण ९० च्या आसपास. लेखीत सरासरी ६० आणि प्रमाण विचलन १५, गुण दूरदूर पसरलेले. 'क' ला प्रात्यक्षिकात ९६ आणि लेखीत ५४. 'ड' ला ८७ आणि ६६. सरासरी ७५ आणि ७६.५, 'ड' पुढे. क्रमवारी जवळजवळ एकट्या लेखीने ठरवली, कारण जिथे सगळे सारखेच तिथे फरक पडणार कुठून?

यावर उपाय म्हणून प्रत्येक गुणातून वर्गाची सरासरी वजा करून उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागतात. 'क' चे प्रात्यक्षिकात अधिक २ आणि लेखीत उणे ०.४ होतात, सरासरी ०.८. 'ड' चे उणे १ आणि अधिक ०.४, सरासरी उणे ०.३. आता 'क' पुढे आहे, आणि दोन्ही परीक्षांचा पसारा सारखा झाल्याने निम्मा-निम्मा भारांश प्रत्यक्षातही जवळपास तसाच उतरला आहे.

हे प्रमाणित गुण क्रमवारीपुरते वापरावेत, पास-नापाससाठी नाही. त्यांची सरासरी नेहमी शून्यच येते. अख्खा वर्ग हुशार असला तरी काहीजण शून्याखाली जाणारच. आठ-दहा जणांच्या वर्गात एका शून्य गुणाने सरासरी आणि विचलन दोन्ही बदलतात आणि बाकी सगळ्यांचे आकडे हलतात, म्हणून गैरहजर विद्यार्थी आधी वगळावे लागतात. आणि प्रमाण विचलन खूपच कमी असेल, समजा १०० पैकी १, तर एका गुणाचा फरक दुसरीकडच्या १५ गुणांएवढा मोठा होतो. तो एक गुण कौशल्याचा आहे की परीक्षकाच्या सैल-कडक हाताचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. अशा वेळी विचलनाने भागण्यापेक्षा साधी टक्केवारी ठेवून प्रात्यक्षिकाची गुणदान पद्धतच सुधारलेली बरी. सगळ्यांना अगदी सारखेच गुण असतील तर विचलन शून्य येतं आणि स्प्रेडशीट `#DIV/0!` दाखवते.