क्यूबिटला वीस मिलिकेल्विन का लागतात, आणि तारा तिथवर न्यायच्या कशा?

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 'एलके-९९' हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे वीज रोधाविना वाहू देणारा, असल्याचा दावा केला, आणि लगोलग काहींनी पुढचंही जाहीर करून टाकलं: आता क्वांटम संगणकाला थंड करायची गरज उरणार नाही. दावा काही आठवड्यांतच टिकेनासा झाला. पण तो खरा ठरला असता, तरीही हे पुढचं अनुमान चुकीचंच होतं. क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं मूलभूत एकक. अतिवाहक धातूंचे क्यूबिट थंड ठेवतात ते मुख्यतः अतिवाहकतेसाठी नव्हे.

हे क्यूबिट बहुधा अॅल्युमिनियमचे असतात आणि अॅल्युमिनियम साधारण १.२ केल्विनला अतिवाहक होतो. नायोबियम तर ९.२ केल्विनलाच होतो. मग यंत्र ०.०२ केल्विनपर्यंत, म्हणजे २० मिलिकेल्विनपर्यंत का न्यायचं?

कारण आहे क्यूबिटच्या दोन पातळ्यांमधलं अंतर. शून्य आणि एक या दोन अवस्थांमधला ऊर्जेचा फरक साधारण ५ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनइतका असतो. ही वारंवारता वायफायच्या पट्ट्यातलीच आहे. तापमानाच्या भाषेत हा फरक भरतो अवघा ०.२४ केल्विन (hf/k या सूत्रानं). आजूबाजूची वस्तू याहून गरम असेल, तर तिच्यातून आपोआप निघणारे सूक्ष्मलहरींचे फोटॉन क्यूबिटला शून्यातून एकमध्ये ढकलत राहतात. नेहमीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनला, ५ गिगाहर्ट्झच्या कंपनप्रकारात सरासरी १२५० फोटॉन असतात. द्रव हेलियमच्या ४ केल्विनला १६ उरतात. १०० मिलिकेल्विनला ०.१, आणि २० मिलिकेल्विनला साधारण लाखात अर्धा. शेवटच्या दोन आकड्यांमधली उडी बघा: तापमान पाचपट उतरलं, फोटॉन हजारो पटींनी घटले. तापमान ०.२४ केल्विनच्या बरंच खाली गेलं की घट घातांकी होते, आणि तिथपर्यंत पोहोचणं हाच खरा उद्देश आहे.

आता तिथवर पोहोचायचं कसं? स्पिरिट त्वचेवर लावलं की थंड वाटतं, कारण बाष्पीभवन उष्णता खातं. हेलियमच्या द्रवावरची वाफ पंपानं ओढली की हेच होतं. हेलियम-४ ने साधारण १ केल्विन गाठता येतं, त्याच्या हलक्या समस्थानिकानं, हेलियम-३ ने, ०.३ केल्विन. त्याखाली हा मार्ग बंद होतो, कारण थंडीबरोबर वाफच संपत जाते. पंप कितीही मोठा लावा, ओढायला काही उरत नाही.

डायल्यूशन रेफ्रिजरेटर याच अडचणीवरची तोड आहे. कल्पना हाइन्झ लंडन यांनी १९५१ साली मांडली आणि १९६४ मध्ये लायडन इथं पहिलं यंत्र चाललं. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांचं मिश्रण ०.८७ केल्विनच्या खाली नेलं की त्याचे दोन थर होतात. वरचा हलका थर जवळजवळ शुद्ध हेलियम-३ चा, खालचा मुख्यतः हेलियम-४ चा. विलक्षण गोष्ट अशी की खालच्या थरात हेलियम-३ कधीच शून्य होत नाही. निरपेक्ष शून्याला गेलं तरी सुमारे ६.६ टक्के विरघळलेलं राहतं.

असं का? हेलियम-३ चा अणू हलका असल्यामुळे त्याची शून्यबिंदू हालचाल जास्त, म्हणून शुद्ध हेलियम-३ मध्ये अणू एकमेकांपासून दूरदूर बसतात. हेलियम-४ मध्ये शेजारी अधिक जवळ मिळतात, त्यामुळे हेलियम-३ चा अणू तिथं जास्त घट्ट बांधला जातो. थोडक्यात, त्याला खालचा थर अधिक पसंत असतो. पण हेलियम-३ चे अणू फर्मिऑन आहेत, दोन अणू एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत. म्हणून येणाऱ्या प्रत्येक नव्या अणूला आधीच्यांपेक्षा वरची ऊर्जापातळी घ्यावी लागते, आणि ६.६ टक्क्यांवर हा फायदा संपतो. शिवाय खालचं हेलियम-४ अतिप्रवाही असतं. ते आत शिरलेल्या हेलियम-३ ला जवळजवळ अडवत नाही, जणू ती मोकळी जागाच. म्हणजे वरच्या थरातून खालच्या थरात जाणारा अणू 'बाष्पीभूत' होतो आणि उष्णता शोषतो, आणि ही 'वाफ' थंडीनं संपत नाही.

खालच्या थरातून एक नळी वर 'स्टिल' नावाच्या भांड्यात जाते. ते मुद्दाम ०.७ ते ०.८ केल्विनला ठेवतात. त्या तापमानाला जवळपास फक्त हेलियम-३ च वाफ होतो. पंप तो ओढतो, बाहेर आणतो, पुन्हा थंड करून, द्रव करून, उष्णता-विनिमयकांतून मिश्रणकक्षात, म्हणजे हे दोन थर असलेल्या तळाच्या भांड्यात, परत पाठवतो. चक्र अखंड चालतं.

मात्र शीतनक्षमता तापमानाच्या वर्गानुसार घटते. सेकंदाला अर्धा मिलिमोल हेलियम-३ फिरत असेल, तर १०० मिलिकेल्विनला फारतर ४२० मायक्रोवॅट उष्णता उचलता येते आणि २० मिलिकेल्विनला फारतर १७ मायक्रोवॅट. यंत्रात धातूच्या पट्टिका एकाखाली एक टांगलेल्या असतात, प्रत्येक खालची वरचीपेक्षा थंड. वरच्या ४ केल्विनच्या पट्टिकेवर पल्स ट्यूब नावाचा शीतक साधारण दीड वॅट उचलतो, म्हणजे तळाच्या जवळजवळ लाखपट. तारांचा सगळा प्रश्न या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.

क्यूबिटला आज्ञा देणारे स्पंद खोलीतल्या उपकरणांतून कोअॅक्सियल केबलनं येतात, आणि त्याच केबलमधून खोलीचे १२५० फोटॉनही उतरतात. म्हणून वाटेत अटेन्युएटर बसवतात. २० डेसिबेलचा अटेन्युएटर आलेल्या शक्तीचा शंभरावा भाग पुढे सोडतो, बाकीची उष्णता करून टाकतो. पण तो स्वतःही आपल्या तापमानाचे फोटॉन सोडतो. म्हणून किती डेसिबेल हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कुठे बसवले हेही. रूढ मांडणी आहे ४ केल्विन, १०० मिलिकेल्विन आणि २० मिलिकेल्विन या तिन्ही पट्टिकांवर वीस-वीस.

हिशोब करून पाहू. १२५० चे पहिल्या अटेन्युएटरनंतर १२.५ उरले, त्यात ४ केल्विनचे स्वतःचे १६ मिळाले, झाले साधारण २८. दुसऱ्यानंतर ०.२८ अधिक ०.१, म्हणजे ०.३८. तिसऱ्यानंतर सुमारे ०.००४. आता काम चालण्याजोगं आहे. साठच्या साठ डेसिबेल खोलीतच लावले असते तर? काहीच साधलं नसतं, कारण ३०० केल्विनचा अटेन्युएटर पुन्हा १२५० फोटॉनच पाठवतो. आणि सगळे तळाशी लावले तर? फोटॉन ०.००१ वर येतात, आधीपेक्षाही कमी. पण उष्णतेचं काय?

चिपपाशी स्पंद चालू असताना ०.१ नॅनोवॅट शक्ती हवी आहे असं धरू. साठ डेसिबेल वाटेत असल्यामुळे वरून ०.१ मिलिवॅट सोडावे लागतात. साठही डेसिबेल तळाशी असतील तर जवळजवळ १०० मायक्रोवॅट तिथंच जिरतात, आणि तळाची क्षमता आहे १७. एका तारेनं यंत्र गरम होईल. तीन ठिकाणी वाटले तर ४ केल्विनवर ९९ मायक्रोवॅट पडतात, दीड वॅटांपुढे नगण्य. मधल्या पट्टिकेवर १ मायक्रोवॅट आणि तळाशी ०.०१. मांडणी अशी का, याचं उत्तर इथं आहे.

तरीही एक चूक वारंवार होते. पट्टिकेवरचा तापमापक १२ मिलिकेल्विन दाखवतो, म्हणून सगळं त्याच तापमानाला आहे असं मानलं जातं. केबलच्या मधल्या तारेभोवती टेफ्लॉन असतं आणि ते उष्णता फारशी जाऊ देत नाही. अटेन्युएटरच्या आतली रोधक पट्टी पट्टिकेपेक्षा गरम राहू शकते. हे ओळखायचं तर क्यूबिटलाच विचारावं लागतं: तो निवांत सोडल्यावर किती वेळा 'एक' अवस्थेत सापडतो हे मोजतात. १ टक्का वेळा सापडला, तर 240/ln(99) या हिशोबानं त्याचं खरं तापमान ५२ मिलिकेल्विन निघतं. अशा वेळी फ्रीजचं तापमान आणखी उतरवून उपयोग नसतो. अटेन्युएटर, गाळण्या आणि किरणरोधक कवच तपासावी लागतात.

दुसरी उष्णता स्पंद नसतानाही येते, केबलच्या धातूतून. चांगला विद्युतवाहक धातू उष्णतेचाही चांगला वाहक असतो, कारण दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहून नेतात. ५० केल्विनपासून ४ केल्विनपर्यंतच्या फूटभर टप्प्यात २.२ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची केबल साधारण १ मिलिवॅट उष्णता आणते. तीच तांब्याची असेल तर काही शे पट, म्हणजे पाच-सहा केबलींतच दीड वॅट संपले. स्टीलमध्ये संकेत क्षीण होतो, पण येणाऱ्या तारांत तो आपल्याला क्षीणच करायचा असतो, त्यामुळे हा दोष कामी येतो. ४ केल्विनच्या खाली नायोबियम-टायटॅनियमची केबल वापरता येते. ती अतिवाहक असल्यानं संकेत जवळजवळ न घटता जातो, आणि जोड्यांत बांधलेले इलेक्ट्रॉन उष्णता वाहत नाहीत. बाहेर येणाऱ्या मोजमापाच्या तारांसाठी हीच लागते, कारण तो इवला संकेत वाटेत गमावून चालत नाही. तो ४ केल्विनवरच्या अॅम्प्लिफायरनं वाढवतात, आणि असा एकेक अॅम्प्लिफायर दहाएक मिलिवॅट उष्णता सोडतो.

आता क्यूबिट हजार करा. प्रत्येकाला एकच नियंत्रण तार धरली तरी स्टीलच्या हजार केबली ४ केल्विनवर १ वॅट आणतात. वरच्या उदाहरणातले स्पंद सगळ्या तारांत एकदम चालू असतील तर तळाशी १० मायक्रोवॅट, म्हणजे निम्म्याहून जास्त क्षमता. पण पहिली कोलमडते ती मधली पट्टिका: तिथं १ मिलिवॅट पडतो, आणि तिची क्षमता काही शे मायक्रोवॅटच असते. केबल बारीक केली तर धातूतून येणारी उष्णता घटते, स्पंदांची नाही. शिवाय प्रत्येक तारेला दर पट्टिकेवर जोड लागतो. एक जोड आकसून सैल झाला तर तो कळतो थंड झाल्यावर, आणि दुरुस्तीसाठी सगळं पुन्हा गरम करून परत थंड करण्यात कित्येक दिवस जातात.

आयबीएमनं २०२३ मध्ये ११२१ क्यूबिटची 'कॉन्डॉर' चिप दाखवली, तेव्हा एका फ्रीजमध्ये मैलाहून अधिक लांबीची लवचिक पट्टीसारखी वायरिंग असल्याचं सांगितलं होतं. छायाचित्रांतलं सोनेरी झुंबर बहुतांशी हीच वायरिंग आणि पट्टिका असते. संगणकाची चिप तळाशी, डबीत झाकलेली. क्यूबिटच्या संख्येच्या बातमीत प्रत्येक क्यूबिटमागे किती तारा आहेत हे सांगितलेलं नसेल, तर त्या संख्येवरून पुढचा अंदाज बांधू नये.

तारा कमी करायचे मार्ग आहेत. मोजमापासाठी वेगवेगळ्या वारंवारता देऊन सहा-आठ क्यूबिट एकाच तारेवर वाचतात, आणि हे आज सर्रास होतं. नियंत्रणासाठी ते अवघड आहे, कारण एकाचा स्पंद शेजाऱ्याला हलवतो. नियंत्रक चिप ४ केल्विनवरच ठेवली तर खोलीपासून येणाऱ्या तारा घटतात, पण दर क्यूबिटला २ मिलिवॅट घेतले तरी हजार क्यूबिटांचे २ वॅट होतात, एका पल्स ट्यूबच्या क्षमतेबाहेर. काचेचा प्रकाशतंतू उष्णता जवळजवळ आणत नाही, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप-मानक संस्थेतल्या गटानं तंतूतून आलेल्या प्रकाशाचं तळाच्या फोटोडायोडनं विद्युत संकेतात रूपांतर करून क्यूबिट चालवून दाखवला. तिथं अडचण उलटी आहे: तार थंड, पण प्रकाश स्वतःच तळाशी जिरतो, आणि त्यातला प्रत्येक मायक्रोवॅट त्या १७ मधूनच जातो.