बालअपस्मारातील नियमित औषधमात्रा : लेव्हेटिरासिटॅम आणि व्हॅल्प्रोएट

फिट पुन्हा येऊ नये म्हणून मुलाला रोज ठरलेल्या वेळी जी मात्रा द्यायची, ती नियमित मात्रा. ती मुलाच्या वजनावरून ठरते आणि पहिल्याच दिवशी पूर्ण दिली जात नाही. सुरुवात कमी मात्रेने करून ती पायरीपायरीने वाढवतात, आणि ज्या पायरीवर फिट थांबतात तिथेच सहसा थांबतात.

सहा वर्षांचे, १८ किलो वजनाचे मूल घेऊ. लेव्हेटिरासिटॅम सुरू करताना किलोमागे १० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, म्हणजे प्रत्येक वेळी १८० मि.ग्रॅ. देतात. या औषधाच्या नेहमीच्या द्रवात १ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. औषध असते, म्हणून मात्रा १.८ मि.ली. होते. दोन आठवड्यांनी गरज असेल तर ती ३.६ मि.ली. आणि आणखी दोन आठवड्यांनी ५.४ मि.ली. करतात. ही शेवटची मात्रा किलोमागे दिवसाला ६० मि.ग्रॅ. भरते आणि ती या वयाची नेहमीची कमाल मर्यादा आहे. लहान बाळांसाठी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलांसाठी आकडे वेगळे असतात.

रक्तातील पातळी दोनच दिवसांत स्थिरावते, तरी दोन आठवडे थांबतात. गुंगी, चक्कर आणि चिडचिड त्या मात्रेला कितपत होते आणि फिट कमी होतात का, हे पाहायला तेवढा वेळ हवा. महिन्यातून एकदाच फिट येत असेल तर दोन आठवडेही अपुरेच. लेव्हेटिरासिटॅम वाढवल्यावर शांत मूल अचानक हट्टी, रडवे किंवा मारकुटे झाले, तर ते वळण बिघडल्याचे लक्षण समजून रागावू नये. तो औषधाचा परिणाम असू शकतो, आणि डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलता येते. औषध परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे असते. अचानक बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते.

व्हॅल्प्रोएटची सुरुवात किलोमागे दिवसाला १० ते १५ मि.ग्रॅ.ने होते. दर आठवड्याला ५ ते १० मि.ग्रॅ. वाढवत बहुतेक मुले २० ते ३० मि.ग्रॅ.वर स्थिरावतात. त्याच १८ किलोच्या मुलाला २० मि.ग्रॅ.च्या हिशेबाने दिवसाला ३६० मि.ग्रॅ., म्हणजे दोन वेळा प्रत्येकी १८० मि.ग्रॅ. लागतील. ५ मि.ली.मध्ये २०० मि.ग्रॅ. असलेल्या सिरपची ही मात्रा ४.५ मि.ली. होते. इथेच घोटाळा होतो. पाच मि.ली.च्या त्याच चमच्यात व्हॅल्प्रोएट २०० मि.ग्रॅ. असते, तर लेव्हेटिरासिटॅम ५०० मि.ग्रॅ. म्हणून चिठ्ठीवर मि.ग्रॅ. आणि मि.ली. दोन्ही लिहून घ्यावेत, घरातल्या चमच्याऐवजी सिरिंज वापरावी आणि नवी बाटली आणली की लेबलवरील प्रमाण पुन्हा वाचावे. व्हॅल्प्रोएटच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून किंवा चावून देऊ नयेत.

मात्रा चुकण्याचे एक साधे कारण हिशेबातच दिसते. ३.६ मि.ली. दोनदा म्हणजे दिवसाला ७.२ मि.ली. १०० मि.ली.ची बाटली चौदा दिवसही पुरत नाही, त्यामुळे दुसरी बाटली आधीच घरात असायला हवी. वजन वाढले की जुनी मात्राही तोकडी पडते. तेच मूल २४ किलोचे झाले की ३.६ मि.ली.मधून किलोमागे २० ऐवजी १५ मि.ग्रॅ.च मिळतात. म्हणून प्रत्येक भेटीत वजन सांगावे.

सकाळी ८ आणि रात्री ८ अशा वेळा असताना सकाळची मात्रा राहिली आणि दुपारी बारापर्यंत आठवली, तर लगेच द्यावी आणि रात्रीची तिच्या वेळेवरच द्यावी. त्यानंतर आठवल्यास ती सोडून पुढची नेहमीएवढीच द्यावी. हा सर्वसाधारण चार तासांचा नियम आहे. डॉक्टरांनी त्या मुलासाठी वेगळे सांगितले असेल, तर तेच पाळावे. भरपाई म्हणून दुप्पट मात्रा कधीही देऊ नये, कारण त्याने गुंगी आणि उलट्या वाढतात. मात्रा दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तेवढीच पुन्हा द्यावी, त्यानंतर झाली तर देऊ नये. लागोपाठ दोन मात्रा राहिल्या किंवा औषध पोटात टिकतच नसेल, तर डॉक्टरांना फोन करावा. काही दिवस खंड पडला असल्यास पुन्हा कुठल्या मात्रेने सुरू करायचे, हेही त्यांनाच विचारावे.

मात्रा चुकल्यावर फिट आलीच, तर तोंडातून औषध किंवा पाणी देऊ नये. मुलाला कुशीवर वळवून घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा सांगितलेल्या प्रमाणात द्यावा आणि महाराष्ट्रात १०८ला फोन करावा.

व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलाची उलटी मात्र नेहमीच पोटाची तक्रार म्हणून सोडून देऊ नये. उलटीसोबत सुस्ती, भूक मरणे, डोळे पिवळे होणे किंवा फिट वाढणे असेल, तर यकृताला इजा झालेली असू शकते. हा धोका पहिल्या सहा महिन्यांत आणि दोन वर्षांखालील मुलांत अधिक असतो. अशा वेळी पुढच्या मात्रेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.