घनाला पृष्ठे 6, मग फिरवण्याच्या सममितीही 6च?

“घनाला 6 पृष्ठे, म्हणून आधीसारखाच दिसेल असा तो 6 प्रकारे फिरवता येतो, चार समान त्रिकोणी पृष्ठांचा सम चतुष्फलक 4 प्रकारे.”

पृष्ठांची संख्या बरोबर आहे, पण मोजणी अर्ध्यावर थांबली आहे. फासा हातात घ्या. 1 वर ठेवा. 6 खाली जातो. आता फासा टेबलावरच गोल फिरवा: समोर 2, 3, 5, 4 असे चारही अंक आळीपाळीने येतात. वरचा अंक तोच, तरी स्थिती चार. वर येणारे अंक सहा, म्हणून 6 × 4 = 24.

चतुष्फलकात तळाला कोणतेही पृष्ठ ठेवा, 4 पर्याय. तळ त्रिकोणी, म्हणून प्रत्येक वेळी 3 स्थिती. एकूण 12.

कडा मोजतानाही इथेच गफलत होते. 6 × 4 = 24 येतात खरे, पण प्रत्येक कड दोन पृष्ठांत सामाईक असल्याने ती दोनदा मोजली जाते. म्हणून घनाला 12 कडा, चतुष्फलकाला 6.

पडताळा हवा तर घनाचे अक्ष मोजा. समोरासमोरच्या पृष्ठांमधून जाणारे 3 अक्ष, प्रत्येकी 3 फिरवण्या: 9. कोपऱ्यांमधून 4 अक्ष, प्रत्येकी 2: 8. कडांच्या मध्यबिंदूंतून 6 अर्धे फेरे. बेरीज 23. उरलेली एक म्हणजे घन मुळीच न हलवणे. नेमकी हीच बहुतेकदा विसरली जाते.