खिशातल्या घड्याळाचं वय ओळखणं (पॉकेट वॉच डेटिंग)

जुनं खिशातलं घड्याळ साधारण कुठल्या साली बनलं हे त्याच्या मशीनवरून, डायलवरून आणि केसवरच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावरच्या शिक्क्यांवरून ठरवायची ही पद्धत आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवायला हवी. घड्याळाचं वय असं एकच नसतं. मशीनचं वय वेगळं, केसचं वेगळं, डायलचं वेगळं. तिन्ही एका वेळी एकत्र आलेली असतील तर तिन्ही उत्तरं दोनतीन वर्षांच्या आत जुळतात, आणि जुळली नाहीत तर मधे कधीतरी कोणीतरी काहीतरी बदललंय असं समजायचं. म्हणून एकच शिक्का बघून "हे १८७६ चं आहे" असं ठोकून द्यायचं नाही, बाजारात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

उदाहरणासाठी एक फार कॉमन प्रकार घेऊ. इंग्लंडमधे विकलेलं अमेरिकन वॉल्थम, चांदीच्या केसमधलं. वॉल्थम कंपनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला मशीन बनवायची, त्यातली बरीच मशीनं केसशिवाय इंग्लंडला जायची आणि बर्मिंगहॅममधे त्यांना चांदीची केस बसायची. ही केस बनवणारा ॲरन डेनिसन म्हणजे मूळचा वॉल्थमच्याच संस्थापकांपैकी एक, जो पुढे इंग्लंडला गेला आणि १८७४ पासून बर्मिंगहॅमला केस बनवायला लागला. म्हणजे एकाच घड्याळात दोन देशांचे पुरावे मिळतात आणि एकमेकांवर ताडून बघता येतात, शिकायला याच्याइतकं चांगलं घड्याळ नाही.

मागचं झाकण उघडायचं. कडेला नखाएवढी उंचवट्याची जागा असेल तर नखाने उचकटायचं, काहीच दिसत नसेल तर झाकण स्क्रूचं असू शकतं, मग तळहात दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने फिरवायचं, सुरी घालायची नाही. आत बहुतेकदा अजून एक पातळ झाकण असतं, तेही उघडलं की मशीन दिसतं. मशीनच्या प्लेटवर नंबर कोरलेला असतो. अमेरिकन घड्याळात हा नंबर म्हणजे सगळ्यात भरवशाची गोष्ट, कारण कंपन्या नंबर ओळीने द्यायच्या आणि त्यांचे तक्ते आज उपलब्ध आहेत. समजा नंबर ९२ लाखांच्या घरातला निघाला, तर वॉल्थमच्या तक्त्यात तो १९०० च्या आसपास येतो. आता नाव बघायचं. १८८५ पर्यंत कंपनीचं नाव अमेरिकन वॉच कंपनी होतं, मग १९०६ पर्यंत अमेरिकन वॉल्थम वॉच कंपनी, आणि त्यानंतर नुसतं वॉल्थम वॉच कंपनी. आपल्या मशीनवर ए. डब्ल्यू. डब्ल्यू. कंपनी असं कोरलंय, म्हणजे मधल्या काळातलं, नंबरशी जुळलं. तरी नंबरचं साल म्हणजे मशीन कारखान्यात बनल्याचं साल, विकल्याचं नाही. मशीन कपाटात वर्ष दोन वर्षं सहज पडून राहायचं.

आता केस. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक शिक्क्यांची रांग असते, १० पटीच्या भिंगाने बघावी. ए. एल. डी. ही अक्षरं म्हणजे डेनिसनची. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी ऑफिसात केस तपासली गेली (लंडनला बिबट्याचं तोंड, चेस्टरला तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या). आणि शेवटी एक एकटं अक्षर, तेच सालाचं अक्षर, दरवर्षी बदलायचं. आपल्या केसवर समजा स्मॉल लिपीतला साधा बी आहे. बर्मिंगहॅममधे १९०० ला साध्या स्मॉल ए पासून नवी माळ सुरू झाली, म्हणून हा बी १९०१ चा. तिथे अक्षर जुलैमधे बदलायचं, म्हणजे खरं तर जुलै १९०१ ते जून १९०२. मशीन १९०० चं, केस १९०१-०२ ची, अगदी जसं असायला हवं तसं.

पण याच बी वर लोक घसरतात. बर्मिंगहॅममधेच १८७६ लाही बी होता, फक्त तो जुन्या गॉथिक वळणाचा, आणि १९२६ ला परत बी आला तो कॅपिटल. लंडनच्या माळेत तर साधा स्मॉल बी म्हणजे १८९७. म्हणून आधी शहराचा शिक्का, मग अक्षराचं वळण, मग अक्षराभोवतीच्या ढालीचा आकार, आणि या तिन्हींवरून साल. नुसतं अक्षर गूगल करून साल काढलं तर पंचवीस वर्षांचा घोळ सहज होतो. घासून घासून चमकवलेल्या केसवर हे वळणच पुसलं जातं, त्यामुळे साल वाचून होईपर्यंत चांदीला पॉलिश लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक गैरसमज. इंग्लिश चांदीच्या भांड्यांवर १७८४ ते १८९० मधे राजाराणीच्या डोक्याचा शिक्का असतो, तो कर भरल्याचा. घड्याळाच्या केसला हा कर १७९८ मधे माफ झाला, त्यामुळे व्हिक्टोरियाच्या काळातल्या घड्याळावर राणीचं डोकं नाही म्हणून केस खोटी, असं अजिबात नाही.

डायल हा सगळ्यात कच्चा साक्षीदार. तांब्याच्या पत्र्यावर भाजलेला पांढरा एनॅमल, रोमन आकडे, खाली सेकंदाची छोटी तबकडी, हे रूप दशकानुदशकं फारसं बदललंच नाही, आणि एनॅमल एकदा पडलं की तडकतंच, मग घड्याळजी दुसरी डायल बसवायचा. डायलवरून साल निघत नाही, पण "याच्या आधीचं नाही" एवढं मात्र कळतं. अंधारात चमकणारे आकडे असतील तर ते रेडियमचे, आणि अशी घड्याळं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरली, म्हणजे आपल्या १९०१ च्या घड्याळाला अशी डायल असेल तर ती नक्की नंतरची. (हे रेडियम चमकायचं थांबलं तरी किरणोत्सर्गी राहतंच, खरवडायचं नाही.) डायलच्या मागे तांब्याचे छोटे पाय असतात जे मशीनच्या भोकात बसतात. पाय कापून डायल गोंदाने चिकटवलेली दिसली की ती मूळची नाही.

मशीन दुसऱ्याच केसमधे घातलंय का हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. अमेरिकेत गिऱ्हाईक मशीन वेगळं आणि केस वेगळी निवडायचं, त्यामुळे तिथल्या केसवरचा नंबर मशीनशी जुळत नाही हे नॉर्मल आहे, त्यावरून काही ठरवू नये. खरी खूण म्हणजे केसच्या आतल्या कडेवरचे स्क्रूचे ओरखडे. मशीन दोन स्क्रूंनी धरलेलं असतं आणि स्क्रूचं डोकं कडेवर अर्धवट चंद्रासारखी खूण सोडतं, आताच्या स्क्रूंपासून लांब अशी अजून एखादी खूण दिसली की त्या केसमधे आधी दुसरं मशीन होतं. दुसरी खूण तर झाकण न उघडताच दिसते. उघड्या तोंडाच्या घड्याळात चावीचं बटण १२ जवळ आणि सेकंदाची तबकडी ६ जवळ असते, झाकणवाल्या हंटर घड्याळात बटण ३ जवळ. उघड्या तोंडाच्या केसमधे बटण ३ जवळ आलं तर जवळपास नक्की हंटरचं मशीन तिथे नंतर कोंबलंय. जुन्या सोन्याच्या हंटर केस वितळवल्या गेल्या आणि मशीनं उरली, त्यामुळे असं खूप दिसतं.

अस्सल इंग्लिश घड्याळाचं गणित उलटं असतं. तिथे मशीनवर बहुतेकदा दुकानदाराचं नाव असतं, त्याच्या नंबराचा तक्ता कुठे मिळत नाही, पण केस त्या एका मशीनसाठीच बनवलेली असायची आणि मशीनचा नंबर केसवरही ठोकलेला सापडतो. नंबर जुळला की केसवरचं साल हेच घड्याळाचं साल. यंत्राच्या तंत्रावरून मात्र इथे साल काढू नये. अमेरिकन आणि स्विस घड्याळांना १८७० नंतर बटणाने चावी द्यायची सोय वाढत गेली, इंग्लिश कारागीर मात्र वेगळी किल्ली आणि आत फ्युझी, म्हणजे बारीक साखळी गुंडाळायची शंकूच्या आकाराची चकती, हे जुनंच काम १८९० नंतरही करत राहिले, त्यामुळे १८९५ चं इंग्लिश घड्याळ अमेरिकन १८६० च्यापेक्षा म्हातारं वाटू शकतं.

आपल्याकडे घरोघरी जे निघतं ते बहुतेक स्विस. डायलवर वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे आणि कलकत्ता असं असतं, मशीन स्वित्झर्लंडचं. यांच्यावर इंग्लिश सालाचं अक्षर शोधत बसू नये, कारण थेट मुंबईला उतरलेल्या घड्याळाला इंग्लंडच्या तपासणीतून जायचं कारणच नव्हतं. तिथे स्विस प्राणी बघायचे: रानकोंबड्यासारखा पक्षी म्हणजे ८०० ची चांदी, एक उभं अस्वल ८७५ ची, आणि ही चिन्हं १८८० च्या स्विस कायद्यानंतरची. तीन अस्वलं आणि ९३५ असेल तर काळ आणखी आवळतो, कारण ती ब्रिटिश बाजारासाठी होती आणि १८८७ च्या शेवटापासून १९०७ पर्यंतच चालली. जून १९०७ पासून ब्रिटनमधे येणाऱ्या प्रत्येक सोन्याचांदीच्या घड्याळाची तिथेच तपासणी सक्तीची झाली. मशीनवर छोटा क्रॉस आणि पेटंट नंबर असेल तर ते १८८८ नंतरचं, तोवर स्वित्झर्लंडमधे पेटंटचा हा कायदाच नव्हता.

चांदी नसलेल्या, साध्या निकेलच्या केसवर यातलं काहीच नसतं. मग मागे कोरलेलं उपयोगी पडतं. जी. आय. पी. किंवा बी. बी. अँड सी. आय. असं रेल्वेचं नाव आणि नंबर असेल तर घड्याळ नोव्हेंबर १९५१ च्या आधी रेल्वेच्या नोंदीत होतं, कारण तेव्हा त्या रेल्वे मध्य आणि पश्चिम रेल्वेत गेल्या. पण ही तारीख वापराची आहे, घड्याळ त्याआधी वीस वर्षं जुनं असू शकतं. तसंच झाकणाच्या आत सुईने ओरखडलेले आकडे असतात, ते दुरुस्ती करणाऱ्यांचे, आणि त्यात कधी कधी चक्क तारीख सापडते. ती तारीख म्हणजे घड्याळ तेव्हा चालू वापरात होतं याचा पुरावा, त्यामुळे आकडे वाचता येत नसले तरी त्यांचा फोटो काढून ठेवावा.

नोंद लिहिताना आपल्या वॉल्थमसाठी "मशीन सुमारे १९००, केस बर्मिंगहॅम १९०१-०२, डायल त्याच काळाची वाटते, पाय शाबूत" असं तिन्ही वेगवेगळं लिहावं.