एसी बंद पडतो, तेव्हा इंजिन सुरू होत असतं

विमान मागे ढकललं जात असताना डोक्यावरच्या झरोक्यांतली हवा अचानक थांबते, हे तुम्ही अनुभवलं असेल. बिघाड झालेला नसतो. ती हवा इंजिन सुरू करायला दिलेली असते.

बोइंग 737-800 चंच घ्या. तिच्या शेपटीत एपीयू नावाचं छोटं गॅस टर्बाइन असतं. बॅटरीच्या जोरावर आधी ते सुरू होतं आणि त्याने दाबलेली हवा नळ्यांतून पंखांकडे धावते. हिलाच ब्लीड एअर म्हणतात. तिचा दाब लागतो साधारण 30 पीएसआय, म्हणजे गाडीच्या टायरमध्ये असतो तेवढाच. पण ती अखंड आणि भरपूर लागते, म्हणून एसीचे पॅक तेवढा वेळ बंद ठेवतात.

वैमानिकाने स्टार्ट स्विच GRD वर नेला की झडप उघडते आणि हवा स्टार्टरच्या छोट्या टर्बाइनवर आदळते. स्टार्टर गिअरबॉक्समार्फत इंजिनाचा आतला, जास्त दाबाचा भाग फिरवतो. त्याचा वेग पडद्यावर N2 म्हणून दिसतो. समोर दिसणारा मोठा पंखा मात्र स्टार्टरला जोडलेलाच नसतो. आतून वाहू लागलेल्या हवेने तो हळूहळू फिरायला लागतो.

आता इंधन सोडायची घाई करायची नाही. N2 सुमारे 25 टक्के, म्हणजे मिनिटाला साडेतीन हजारांवर फेरे झाले की इंधनाचा लिव्हर IDLE वर जातो आणि ठिणगी पडते. ही वाट पाहणं मला या साऱ्या प्रक्रियेचा गाभा वाटतं. इंजिनातली बरीचशी हवा ज्वलनासाठी नव्हे, तर ज्वाळेची धग कमी करण्यासाठी असते. हवा कमी असताना इंधन पेटलं, तर ती धग थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाते.

पेटल्यावरही स्टार्टर लगेच सुटत नाही. एवढ्या कमी वेगात इंजिनाला स्वतःचा भार पेलत नाही, म्हणून 56 टक्क्यांपर्यंत स्टार्टर हात देत राहतो. मग झडप मिटते आणि इंजिन स्वबळावर 60 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं.

या काळात वैमानिकाची नजर EGT वर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानावर खिळलेली असते. सुरू करतानाची मर्यादा 725 अंश सेल्सिअस. एपीयूची हवा दुबळी असली किंवा मागून जोराचा वारा येत असला, तर N2 रेंगाळतो आणि EGT मात्र झपाट्याने चढतो. हा हॉट स्टार्ट. आकडा मर्यादेला भिडण्याआधीच इंधन तोडावं लागतं. उलट, लिव्हर IDLE वर नेऊन 10 सेकंद झाली तरी EGT हललाच नाही, तर इंधन न पेटता आत साचत असतं. तेव्हाही लिव्हर CUTOFF वर. दोन्ही वेळी स्टार्टर मात्र आणखी 60 सेकंद फिरवत ठेवतात, म्हणजे नुसत्या हवेने उरलेलं इंधन आणि उष्णता बाहेर निघून जाते.